मी आधी निवडलं की भाचाच जिंकतो: तीन फेकींच्या क्रमाचा खेळ

पागनीसपागेचा_मामा

नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे दोन तास लाईट नव्हती. बहिणीचा मुलगा शिकायला इंदूरला असतो, तो आलेला होता. मेणबत्तीच्या उजेडात त्याने एक खेळ काढला. एक रुपयाचं एकच नाणं लागोपाठ उडवत राहायचं आणि काय पडलं ते कागदावर लिहीत जायचं. त्याआधी दोघांनी तीन-तीनचा एकेक क्रम निवडायचा, म्हणजे छापा-छापा-काटा वगैरे. ज्याचा क्रम लागोपाठच्या तीन फेकींत आधी दिसेल तो जिंकला. हरणाऱ्याने सकाळी पोहे-जिलेबी आणायची.

"मामा, तू आधी निवड, हवं ते घे," असं म्हणाला. मी छछक घेतलं. त्याने क्षणभर बोटं मोजल्यासारखं केलं आणि कछछ घेतलं. बारा डाव झाले, त्यातले नऊ त्याने नेले. मग मी छछछ घेऊन तीन डाव खेळलो, तिन्ही गेले. छकछ घेऊन पाच खेळलो, दोन मिळाले. एकूण वीसात माझे पाच.

एक डाव कागदावर तसाच आहे: क छ क क छ छ. इथे तो जिंकला. माझं छछ झालेलं होतं, फक्त एक काटा हवा होता! असं एकदा नाही, चार-पाचदा झालं.

नाणं माझ्या खिशातलं, उडवत मी होतो, लिहीत तो होता. हातचलाखीला जागाच नव्हती. प्रत्येक वेळी त्याने माझ्यानंतर निवडलं, एवढाच फरक. पण क्रम त्याचाही तीनचा, माझाही तीनचा. मग हे होतं कसं? तो सांगत नाही, "विचार कर मामा" म्हणतो. सोमवारी पोहे मीच आणले. मला कारण समजून घ्यायचं आहे.

क्रिकेटवेडा_इंदूर

मामा, नाणं बदलून पाहा. जुनं नाणं एका बाजूने झिजलेलं असतं, ते एकाच बाजूला जास्त पडतं. आमच्या क्लबमध्ये टॉसला एक नाणं होतं, त्याच्यावर आमच्या कप्तानाचा फार राग होता. नवीन नाणं घ्या, आळीपाळीने उडवा, निकाल सरळ होईल.

पागनीसपागेचा_मामा

नाणं यंदाचंच आहे, कोरं. शिवाय नाणं एका बाजूला झुकत असतं तरी ते दोघांनाही तेच होतं ना? दोघांच्याही क्रमात दोन छापे आणि एक काटा आहे.

सुदामानगरचे_जोशी

मी हिशेबाचं काम करतो, म्हणून सरळ सांगतो. तीन फेकींचे आठ प्रकार होतात आणि प्रत्येकाची शक्यता एक अष्टमांश. छछक असो की कछछ, एक अष्टमांशच. तेव्हा हा निव्वळ योगायोग आहे. वीस डाव म्हणजे काहीच नाही. दोनशे खेळा, बरोबरीत येईल.

वसुधा_ताई

जोशीबुवा, कोणत्याही ठरावीक तीन फेकी घेतल्या तर तुमचं एक अष्टमांश अगदी बरोबर आहे. पण इथे तीन फेकी ठरलेल्या नाहीत. फेकी चालूच आहेत, आणि एका क्रमाचा शेवट दुसऱ्याची सुरुवात होऊ शकतो. सगळी गंमत तिथे आहे.

मामा, तुमचा पहिलाच डाव घेऊ. तुमचं छछक, भाच्याचं कछछ. आता मला सांगा, तुम्ही जिंकणार कधी?

पहिल्या दोन फेकी छापा-छापा पडल्या असं समजा. आता पुढे कितीही छापे येऊ देत, ज्या क्षणी पहिला काटा पडेल त्या क्षणी तुमचं छछक पुरं झालं. भाच्याला तर सुरुवातीलाच काटा लागतो आणि तो अजून पडलेलाच नाही. तेव्हा हा डाव तुमचा, नक्की.

आता उलट धरा. पहिल्या दोनांत कुठेतरी एक काटा पडला. इथून पुढे तुम्हाला छछ हवं. पण आयुष्यात पहिल्यांदा जेव्हा सलग दोन छापे पडतील, तेव्हा त्यांच्या लगेच आधी काय असेल? काटाच. कारण तिथे छापा असता, तर सलग दोन छापे त्याच्या आधीच झाले असते. म्हणजे तुमचं छछ झालं त्याच फेकीला भाच्याचं कछछ पुरं झालं. तुमच्या कागदावरचं क छ क क छ छ पाहा, पाचवी आणि सहावी फेक तुमची दोन छापे, आणि चौथी त्याचा काटा. तुम्ही "एकच काटा हवा होता" म्हणता, पण त्या जागी पोचेपर्यंत तो नेहमी जिंकलेलाच असणार.

म्हणून तुमची जिंकण्याची वाट एकच: पहिल्या दोन फेकी छछ. चारात एकदा. तुमचे बारात तीन अगदी हिशेबाने आले आहेत, हा मात्र योगायोग, इतकं चोख दर वेळी येत नाही.

पागनीसपागेचा_मामा

ताई, हे वाचून मी परत कागद काढला. माझे जे तीन डाव आले, ते तिन्ही छछ ने सुरू झालेले आहेत. आणि हरलेल्या नऊपैकी एकही तसा नाही. मी दोन दिवस त्या कागदाकडे बघतोय आणि हे दिसलं नव्हतं.

आणि छछछ? ते तर त्याहून वाईट गेलं.

वसुधा_ताई

तिथेही त्याने कछछच घेतलं असणार. पहिल्या तिन्ही फेकी छापा पडल्या तरच तुम्ही जिंकता, नाहीतर तोच मुद्दा: तिसरा छापा येण्याआधी क-छ-छ होऊन गेलेलं असतं. आठात एकदा. आठ क्रमांतली ही सर्वांत वाईट निवड, आणि ककक तशीच.

कोडकर_विजयनगर

मला पटलं होतं तरी चालवून पाहिलं. पायथनमध्ये दहा हजार डाव:

```python
import random

def daav(a, b):
    s = ""
    while True:
        s += random.choice("HT")
        if s.endswith(a): return a
        if s.endswith(b): return b

n = sum(daav("HHT", "THH") == "THH" for _ in range(10000))
print(n)
```

H म्हणजे छापा, T म्हणजे काटा. दर वेळी आकडा साडेसात हजारांच्या आसपास येतो. कधी तीस-चाळीस वर, कधी खाली, पण पाच हजाराच्या जवळपासही जात नाही. जोशीकाका, दोनशे काय, दहा हजार खेळलो.

सुदामानगरचे_जोशी

मान्य, एक अष्टमांशाने काम भागत नाही. रात्री बसून मी दुसऱ्या वाटेने गेलो. एखादा क्रम पहिल्यांदा दिसायला सरासरी किती फेकी लागतात ते काढलं. छछछ ला 14, छकछ ला 10, आणि छछक, कछछ, छकक, ककछ यांना 8. (छापा-काटा उलटे केले तरी तेच.) म्हणजे गोष्ट सोपी आहे: ज्याला कमी वाट पाहावी लागते तो जिंकतो. छछछ चौदावर, म्हणून कछछ समोर आपटतो. दुसऱ्याने फक्त आठवाला क्रम घ्यायचा.

कोडकर_विजयनगर

पण काका, मामांचं छछकही आठवालं आणि भाच्याचं कछछही आठवालं. मग तीनास एक कसं?

सुदामानगरचे_जोशी

हो. हे मलाही अडलं. सरासरी सारखी, तरी चारात तीनदा एकच जिंकतो, हे मनाला पटत नाही.

वसुधा_ताई

जोशीबुवा, तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत आणि तुमची अडचणही खरी आहे. ही गाठ सोडवली की खेळ कळतो.

समजा डाव कोणी जिंकला तरी आपण थांबलो नाही, नाणं उडवतच राहिलो, जोवर दुसऱ्याचाही क्रम येत नाही तोवर. हरणारा किती फेकी मागे राहिला?

भाचा जिंकला, म्हणजे आत्ता कछछ पडलं आहे. मामांना फक्त एक काटा हवा. एका काट्यासाठी सरासरी 2 फेकी. मामा अगदी थोडक्यात हरले.

मामा जिंकले, म्हणजे आत्ता छछक पडलं आहे. भाच्याच्या हाती फक्त पहिला काटा आहे, अजून सलग दोन छापे हवेत, आणि मध्ये काटा आला की परत काट्यावरच. याला सरासरी 6 फेकी लागतात.

आता चार डाव घ्या. तीनदा मामा 2-2 ने हरले, म्हणजे 6. एकदा 6 ने जिंकले. फिटंफाट! म्हणून सरासरी दोघांची आठच. मामा पुष्कळदा थोडक्यात हरतात आणि क्वचित मोठ्या फरकाने जिंकतात, पण शर्यतीत फरकाला किंमत नाही, आधी कोण एवढंच मोजतात. "चार-पाचदा एकच काटा हवा होता" असं मामा म्हणाले ना, ते याचंच दर्शन.

आणि एक. दोघांनी आपापलं वेगळं नाणं उडवलं, प्रत्येकाने आपलाच कागद लिहिला, तर छछक आणि कछछ अगदी बरोबरीचे होतात. तिथे तुमची सरासरी उपयोगी पडते. भाच्याचा सगळा फायदा एकाच नाण्यात आहे, कारण त्याची शेपटी मामांचं तोंड आहे.

सुदामानगरचे_जोशी

2 आणि 6 चा हिशेब मी स्वतः करून पाहिला, बरोबर येतो. आता झोप लागेल. पण मग "कमी वाटवाला हरत नाही" एवढं तरी म्हणता येईल ना? बरोबरीत दुसऱ्याच्या हातात, पण ज्याची वाट मुळातच कमी तो मागे तर पडणार नाही?

वसुधा_ताई

तीन-तीनच्या क्रमांत चालून जाईल, चार-चारच्या क्रमांत नाही. कछकछ ला सरासरी 20 फेकी लागतात, छकछछ ला 18. तरी समोरासमोर कछकछ चौदात नऊदा आधी येतो. कोडकर, तुमच्या प्रोग्रॅमात घालून पाहा.

कोडकर_विजयनगर

घातलं. चौसष्टशेच्या आसपास येतंय दहा हजारांत. चौदात नऊ म्हणजे 64 टक्केच. जास्त वाट पाहायला लावणारा जास्त वेळा जिंकतो, हे डोळ्यांनी पाहूनही विचित्र वाटतंय.

मंडळ_कार्यकर्ता_मराठीमोहल्ला

ताई, भाच्याची युक्ती सांगा ना, तो क्षणभर बोटं मोजून क्रम निवडतो ती. आमच्या गणपतीत आनंदमेळा असतो, तिथे पोरांसाठी स्टॉल लावायचा विचार आहे.

वसुधा_ताई

युक्ती अशी. समोरच्याचे पहिले दोन घ्या, ते तुमचे शेवटचे दोन. त्यांच्यापुढे, अगदी सुरुवातीला, समोरच्याच्या दुसऱ्याच्या उलटं ठेवा. छछक ला: पहिले दोन छछ, दुसरा छापा, उलटा काटा, म्हणजे कछछ. छकछ ला: पहिले दोन छक, दुसरा काटा, उलटा छापा, म्हणजे छछक.

आठही क्रमांना हे लागू आहे. सर्वांत कमी फायदा झाला तरी तीनात दोनदा तुम्ही जिंकता.

हे नवं नाही. वॉल्टर पेनी यांनी 1969 साली मनोरंजक गणिताच्या एका नियतकालिकात हे मांडलं, म्हणून याला पेनीचा खेळ म्हणतात. 1974 मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या सदरामुळे तो सगळीकडे गेला. कोणाची शेपटी कोणाच्या तोंडाशी जुळते एवढं पाहून शक्यता काढायची एक सुंदर रीत जॉन कॉनवे यांनी शोधली.

खंडवारोडचा_पंकज

मी हे काल ऑफिसात करून पाहिलं, डब्याच्या वेळात, साठ डाव. छछ ने सुरू होणाऱ्या क्रमांवर मस्त जिंकलो. पण समोरच्याने छकछ घेतलं की माझं काही चालेना, पंधरात आठ-सात. छकक वरही तसंच. मला वाटतं युक्ती सगळीकडे लागू नाही.

वसुधा_ताई

छकछ ला तुम्ही काय घेत होता?

खंडवारोडचा_पंकज

कछक. पहिल्याच्या उलटा क, मग छक.

वसुधा_ताई

तिथेच चूक आहे. उलटा करायचा तो दुसरा, पहिला नाही. समोरच्याचे पहिले दोन सारखे असले, छछ किंवा कक, तर दोन्हींनी एकच उत्तर येतं, म्हणून चूक लपते. पहिले दोन वेगळे असले की उघडी पडते. छकछ समोर कछक म्हणजे आरशातलं प्रतिबिंब, तिथे बरोबरी नाही तर काय होणार? छकक समोर कछक घेतलंत तरी बरोबर निम्मेनिम्मच येतं. कोणाची युक्ती फसत असेल तर एवढंच तपासा: फक्त छक आणि कछ ने सुरू होणाऱ्यांवर बरोबरी होते का? होत असेल तर चुकीचं अक्षर उलटं होतंय.

खंडवारोडचा_पंकज

अरे हो! पण दुसराच का उलटा? हे कोणी ठरवलं?

वसुधा_ताई

शेपटी आणि तोंडच पाहा. तुमचे शेवटचे दोन म्हणजे त्याचे पहिले दोन. म्हणून तो जिंकायला आला की बहुतेक वेळा त्याच्या आधी तुमचं पुरं झालेलं असतं. आता हाच डाव त्याने तुमच्यावर उलटवायचा, तर त्याचे शेवटचे दोन तुमचे पहिले दोन व्हायला हवेत. त्याच्या शेवटच्या दोनांतलं पहिलं अक्षर म्हणजे त्याचं दुसरं. तुम्ही सुरुवातीलाच त्या दुसऱ्याच्या उलटं ठेवलंत, की त्याची शेपटी तुमच्या तोंडात बसूच शकत नाही. तुम्ही त्याच्या वाटेत उभे, तो तुमच्या वाटेत नाही.

मामांचं छकछ एकदा नीट पाहू, कारण तिथे छछक सारखं एका दमात दिसत नाही. छकछ विरुद्ध छछक. पहिला छापा येईपर्यंत काही घडत नाही, काटे पडले तर पडू द्या. छापा आला. पुढची फेक छापा असेल तर छछ झालं, आता पहिल्या काट्याला भाचा जिंकणार, मामांची संधी संपली. ही निम्मी शक्यता. पुढची फेक काटा असेल तर छक झालं. त्यानंतर छापा आला तर मामा जिंकले, काटा आला तर दोघेही पुन्हा शून्यावर. म्हणजे चार भाग केले तर दोन भाग भाच्याचे, एक मामांचा, आणि एका भागात डाव नव्याने सुरू. नव्याने सुरू झालेला पुन्हा त्याच प्रमाणात वाटला जाणार. शेवटी दोनास एक. मामांना पाचात दोन मिळाले, म्हणजे नशीब जरा बरंच म्हणायचं.

पागनीसपागेचा_मामा

मग सर्वांत चांगला क्रम कोणता? आधी निवडायची वेळ आली तर मी काय घेऊ?

वसुधा_ताई

सर्वांत चांगला असा नाहीच. कछछ हा छछक ला हरवतो, छछक हा छकक ला, छकक हा ककछ ला, आणि ककछ परत कछछ ला. गोल फिरून तिथेच येतो. शर्यतीतल्या घोड्यांसारखं नाही हे, की सगळ्यांत वेगवान एक घोडा असेल. इथे प्रत्येकाला हरवणारा दुसरा कोणी आहे, आणि तो बघून निवडण्याची सोय फक्त नंतर निवडणाऱ्याला आहे. आधीच निवडायचं असेल तर छकछ, छकक, कछक किंवा कछछ घ्या, तिथे तीनात एकदा तरी जिंकाल.

पण तुम्हाला एक सांगते. भाच्याला म्हणा, दोन-दोनचा क्रम घेऊ. आणि तुम्ही आधी छक निवडा.

कोडकर_विजयनगर

दोनमध्ये युक्ती चालत नाही?

वसुधा_ताई

छछ घेतलं तर चालते, कछ समोर चारात तीनदा हार. पण छक घेतलं तर नाही. समोर कछ असेल तर पहिलीच फेक निकाल लावते: छापा पडला तर पहिला काटा येताच छक, काटा पडला तर पहिला छापा येताच कछ. बरोबरी. समोर छछ असेल तर पहिल्या छाप्यानंतरची फेक निकाल लावते, पुन्हा बरोबरी. समोर कक असेल तर छक चारात तीनदा जिंकतो. आधी निवडूनही मामा मागे पडत नाहीत. तीन किंवा जास्त लांबीला मात्र नंतरच्याला नेहमी वरचढ क्रम सापडतो.

मंडळ_कार्यकर्ता_मराठीमोहल्ला

छान. म्हणजे स्टॉलवर पोराने आधी निवडायचं, आम्ही नंतर. दहा रुपयांत तीन डाव, जिंकला तर शेवेची पुडी. मंडळाला चार पैसे सुटतील.

नर्मदाकाठची_अपर्णा

मला हे बरोबर वाटत नाही. पोरांना वाटणार नाणं आहे, निम्मेनिम्म. आपल्याला ठाऊक आहे की तसं नाही. गणपतीच्या मांडवात हे करू नका.

मंडळ_कार्यकर्ता_मराठीमोहल्ला

अपर्णाताई, रिंग फेकून साबण जिंकायचा स्टॉल असतो, तिथेही पोरं हरतातच की.

नर्मदाकाठची_अपर्णा

तिथे रिंग बसत नाही हे पोराला डोळ्यांनी दिसतं. इथे दिसत नाही.

कोडकर_विजयनगर

पोरांना नंतर निवडू द्या आणि मागे पाटीवर युक्ती लिहून ठेवा. ज्याने वाचली तो जिंकेल. पत्त्यांवरही होतं हे, लाल-काळा धरून. नाण्याऐवजी गंजिफ्यातून एकेक पान उघडत जायचं, क्रम जुळला की तेवढी पानं त्याची, मग पुढून सुरू. एका गंजिफ्यात सात-आठ हात होतात, त्यामुळे वरचढ क्रमवाला जवळजवळ नेहमी पुढे राहतो. मुलांना पानं उघडताना जास्त मजा येईल.

मंडळ_कार्यकर्ता_मराठीमोहल्ला

पाटीचं बघतो, मंडळात विचारतो. तशी शेव किती लागेल त्याचाही हिशेब करावा लागेल.

नर्मदाकाठची_अपर्णा

मला माझं विचारायचं होतं. माहेरी महेश्वरला आजीच्या कवड्या आहेत, चौसरच्या. आम्ही बहिणींनी नाण्याऐवजी एक कवडी घेतली, उताणी आणि पालथी. मोठी बहीण आधी निवडत होती, पालथी-पालथी-उताणी. मी युक्तीने उताणी-पालथी-पालथी घेतलं. आणि मी हरत होते! फार नाही, पण जिंकत नव्हते. उलटं दुसरंच केलं होतं, तपासलं.

सुदामानगरचे_जोशी

अहो, कवडी निम्मेनिम्म पडत नाही. तिचा आकारच तसा आहे. पण मामा वर म्हणाले तसं, दोघींच्या क्रमात दोन पालथ्या आणि एक उताणीच आहे. मग कवडी झुकलेली असली तरी फरक पडू नये.

वसुधा_ताई

पडतो, जोशीबुवा. अपर्णा, तुझ्या बहिणीची जिंकायची वाट आठव: पहिल्या दोन फेकी पालथी-पालथी. एवढंच. नाण्यावर ते चारात एकदा, कारण निम्म्याचं निम्मं. कवडी दहात सातदा पालथी पडत असेल तर ते 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 0.49, जवळजवळ बरोबरी. 0.71 च्या वर गेली की बहीण पुढे. दहात आठदा पालथी असेल तर बहीण शंभरात चौसष्ट डाव जिंकणार. युक्ती खऱ्या नाण्यासाठी आहे. झुकलेल्या वस्तूला ती थोडी फार सोसते, पण अमर्याद नाही. कवडी मोजून पाहिलीस का?

नर्मदाकाठची_अपर्णा

आज मोजली, शंभर फेकी, सतरंजीवर. आम्ही खेळलो होतो ती कोणती हे आता नक्की आठवत नाही, म्हणून दोन मोजल्या. एक पाठ घासलेली आहे, ती 74 वेळा पालथी. दुसरी अख्खी, ती 58 वेळा.

वसुधा_ताई

58 वालीवर युक्ती चालायला हवी. तिचा खरा आकडा 71 असता तर शंभरात 58 पडणं फार दुर्मीळ. 74 वालीचं सांगता येत नाही, शंभर फेकींत चार-पाच इकडेतिकडे होतातच, तेव्हा ती रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे ठरायला हजाराच्या आसपास फेकी लागतील. आणि सतरंजीवर एक, फरशीवर वेगळी पडू शकते, तेही बघ.

पागनीसपागेचा_मामा

काल भाचा आला होता. मी म्हटलं, आज दोन-दोन खेळू, मी आधी, छक. त्याने बोटं मोजली, पुन्हा मोजली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामा, तुला कोणी सांगितलं?" शेवटी कछ घेतलं. दहा डाव झाले, पाच-पाच. पोहे दोघांनी मिळून आणले.

अपर्णाताई, फरशीवर उडवली तर आकडा इथे टाका. भाचाही विचारत होता.

नर्मदाकाठची_अपर्णा

टाकते. तीनशेपर्यंत आलेय, बहीण लिहून घेतेय.